जुना पिवळा पडलेला दाखला झेरॉक्स करताना अक्षरंच उडतात, सेटिंग काय ठेवायचं?

मृद्गंध

मंडळी, जरा घाईत आहे म्हणून थेट विचारते. पुतणीच्या जात पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा हवा होता, म्हणून गावच्या घरातल्या दोन ट्रंका उपसल्या आणि माझ्या वडिलांचा १९५८ चा शाळा सोडल्याचा दाखला सापडला. छापील फॉर्म आहे, त्यात निळ्या शाईने भरलेलं. कागद चहाच्या रंगाचा झालाय, चार घड्या आहेत आणि शाई इतकी उतरलीय की खिडकीशी नेऊन वाचावं लागतं.

तालुक्याला झेरॉक्स काढली तर पूर्ण पान करडं आलं, अक्षर आणि कागद एकाच रंगाचे. दुकानातल्या मुलाने मशीनवर बॅकग्राउंड रिमूव्हल लावलं. कागद पांढराशुभ्र झाला, पण नावातले दोन्ही अनुस्वार गेले, 'पांडुरंग'चं 'पाडुरग' झालं. जन्मतारखेतल्या आकड्याची शेपटीही गेली. आता असा कागद मी पुरावा म्हणून कसा देऊ? कुणी हे नीट केलंय का?

अण्णा_सोलापूर

सोपं आहे. डेन्सिटी फुल्ल करा, कॉन्ट्रास्ट फुल्ल करा, बॅकग्राउंड पण फुल्ल. तिन्ही शेवटपर्यंत नेले की फिक्कं अक्षर उठून येतं. मी आमच्या जुन्या खरेदीखताचं असंच केलं होतं, झकास आलं.

मृद्गंध

अण्णा, तेही करून पाहिलं हो. मधला भाग कोरा आणि घड्यांच्या जागी काळे पट्टे आले. वडिलांच्या आईचं नाव नेमकं घडीवर आहे, ते पट्ट्यात गेलं.

रानफूल

माझंपण हेच चाललंय सहा महिने. घरचा प्रिंटर फिक्कं छापतो, मुलाचं प्रोजेक्ट काढलं तर निम्मं दिसेना. हेड क्लीनिंग दोनदा केलं, शाई नवीन भरली. तुमचा कुठला आहे? इंकटँक असेल तर दोन दिवसांनी एक रंगीत पान काढत जा, नाहीतर नळी सुकते.

निशिगंध

रानफूल, त्यांचा प्रिंटर चांगला आहे, मूळ कागदच फिक्का आहे. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे सांगते, इथे दोन्ही मिसळेल.

कागदवाला

ताई, माझं कचेरीसमोर १९ वर्षं झेरॉक्सचं दुकान आहे, असे कागद आठवड्याला चार-पाच येतात. अण्णांचं पूर्ण चूक नाही, त्यांच्या खरेदीखताची शाई बहुतेक गडद राहिली असेल म्हणून जमलं. तुमच्या दाखल्याला तेच केलं की उलटं होतं, का ते सांगतो.

मशीनवरची ही तीन बटणं लोकांना एकच वाटतात. डार्क-लाइट, म्हणजे डेन्सिटी, हे सगळंच गडद करतं, अक्षरही आणि कागदही. बॅकग्राउंड फक्त उजळ बाजू कापतं, एका हद्दीपेक्षा जे जे उजळ ते सगळं पांढरं. आणि कॉन्ट्रास्ट मधोमध रेघ मारून गडद असेल त्याला आणखी गडद आणि उजळ असेल त्याला आणखी उजळ करतं. आता तुमचं अक्षर त्या मधल्या रेघेच्या उजळ बाजूलाच आहे. म्हणून कॉन्ट्रास्ट जितका वाढवाल तितकं ते कागदाबरोबर पांढरं होत जातं. फिक्क्या कागदाला आधी डार्क करून अक्षर रेघेच्या पलीकडे ढकलायचं असतं, कॉन्ट्रास्टला हात त्यानंतर. हा क्रम चुकला की अनुस्वार पहिला जातो, कारण ठिपका छोटा, त्याला शाई कमी.

मी काय करतो ते सांगतो. कागद वरच्या फीडरमध्ये कधीच घालत नाही, घडीवर फाटला तर भरून कोण देणार. काचेवर ठेवतो. ओरिजिनल टाइपमध्ये Text वर असेल तर तिथून काढून Text/Photo करतो. Text मध्ये मशीन प्रत्येक ठिपक्याला काळा की पांढरा असा कौल लावते आणि फिक्की रेघ हमखास पांढऱ्यात जाते. रिकोच्या मशीनवर यासाठीच Pale नावाचा वेगळा पर्याय असतो, तो असेल तर आधी तो. ऑटो डेन्सिटी बंद. मग बॅकग्राउंड शून्यावर, डार्क एक घर वर, एक प्रत. बॅकग्राउंड एक घर वर, दुसरी प्रत. असं करत जायचं आणि प्रत्येक प्रतीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडे लिहायचे, नाहीतर पाचव्या प्रतीला काय ठेवलं होतं ते आठवत नाही.

आणि बघताना कागद किती पांढरा झाला ते बघायचं नाही, अनुस्वार बघायचा. ज्या प्रतीत अनुस्वार उडाला तिच्या एक घर मागे यायचं. कागद थोडा करडा राहिला तर राहू दे, वाचता आलं पाहिजे.

घडीच्या पट्ट्याचंही सांगून ठेवतो. दिवा एका बाजूने सरकत जातो, त्याच्या पट्टीला समांतर जी घडी असते तिची सावली पडते, आडवी असते तिची पडत नाही. आजीचं नाव ज्या घडीवर आहे ती बघा आणि कागद काचेवर नव्वद अंशात फिरवून ठेवा. निम्मा पट्टा तिथेच जाईल.

बाळासाहेब_७१

एवढा जुना कागद आहे तर आधी लॅमिनेट करून घ्या. आमच्या सगळ्या मूळ प्रती लॅमिनेट आहेत, घड्यापण सपाट होतात, मग हव्या तेवढ्या प्रती काढा.

निशिगंध

बाळासाहेब काका, कृपा करून हे कुणी करू नका. मी जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात काम करते. लॅमिनेशन गरम रोलरमधून जातं आणि प्लॅस्टिक कागदात बसतं, ते पुन्हा सुटत नाही. सोडवायला गेलात तर अक्षरांचा थर प्लॅस्टिकबरोबर येतो. शिवाय चकाकीमुळे स्कॅनरचा दिवा परत फिरतो आणि प्रतीत पांढरे डाग येतात, म्हणजे प्रत काढणंही अवघड होतं. घडी सपाट करायची असेल तर दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तकं, दोन-तीन दिवस. तेवढ्याने बरीच उतरते. मूळ कागदावर सेलोटेपही नको.

मृद्गंध, दाखल्याच्या मागे काही छापलेलं आहे का?

मृद्गंध

हो, मागे सूचना आहेत बारीक टायपात. प्रतीत त्यांची उलटी अक्षरं भुतासारखी दिसतात, विशेषतः डार्क वाढवलं की.

निशिगंध

मग मागे काळा कार्डशीट ठेवून बघा. झाकणाची आतली बाजू पांढरी असते, उजेड पातळ कागदातून जाऊन तिच्यावर आपटून परत येतो आणि येताना मागची अक्षरं घेऊन येतो. काळा कागद तो उजेड गिळतो. यात एक गोष्ट होते, सगळा कागदच थोडा काळवंडतो, तेव्हा कागदवाला दादांनी सांगितलेल्या घरांपेक्षा बॅकग्राउंड एखादं घर जास्त लागेल. कार्डशीट दाखल्यापेक्षा मोठा घ्या, नाहीतर कडेला चौकट उमटते.

गोंयकार

हे माझ्या कागदांना चाललं नाही. पणजोबांचे पोर्तुगीज काळातले दस्त आहेत, दोन्ही बाजूंनी टाकाने लिहिलेले, शाई तपकिरी झालीय आणि काही ठिकाणी तिने कागदच खाल्लाय. काळा कागद ठेवला तर भोकं काळी दिसली आणि मागची अक्षरं होती तशीच राहिली. मशीनवर 'प्रिव्हेंट ब्लीड' होतं तेही लावलं, मागची थोडी गेली पण समोरचीही गेली.

निशिगंध

गोंयकार, तुमच्याकडे मागची अक्षरं नुसती दिसत नाहीत, शाईच आरपार पाझरली आहे. लोहयुक्त शाईचं असं होतं, ती आम्ल असते, कागद कुरतडते. ती शाई आता दोन्ही बाजूंना खरोखर आहे, काळा कागद तिथे काही करू शकत नाही. भोकांसाठी मागे कागदाच्याच रंगाचा, म्हणजे बदामी कागद ठेवा.

चिन्मय_क

कागदवाला दादांची पद्धत मशीनपुरती बरोबर आहे, पण मशीन रंग आधी करडा करते आणि मग तुम्ही तो करडा खालीवर करता. दाखल्यात खरा फरक रंगाचा आहे, पिवळा कागद आणि निळी शाई. तो फरक करडं करताना निम्मा वाया जातो. म्हणून काळी-पांढरी कॉपी काढूच नका, कलर स्कॅन घ्या ३०० किंवा ६०० डीपीआयला, पेनड्राइव्हवर. रंगीत चित्र लाल, हिरवा आणि निळा अशा तीन थरांचं असतं, त्यांना चॅनल म्हणतात, त्यातला लाल चॅनल वेगळा काढा.

माझ्या मामाच्या १९६२ च्या दाखल्याचे आकडे अजून आहेत, गिंप नावाच्या फोटोच्या प्रोग्राममध्ये ड्रॉपरने मोजले होते. कागद होता लाल २१४, हिरवा १९०, निळा १४०. शाई होती लाल १२०, हिरवा १३०, निळा १५०. २५५ म्हणजे पूर्ण पांढरं. निळ्यात बघा, कागद १४० आणि शाई १५०, म्हणजे शाई कागदापेक्षाही उजळ, अक्षर नाहीसंच. लालमध्ये २१४ आणि १२०, तब्बल ९४ चा फरक. नेहमीच्या पद्धतीने करडं केलं तर कागद १९१ आणि शाई १२९ येते, फरक ६२. तेच पान, तोच स्कॅन, फक्त लाल निवडला तर दीडपट अंतर मिळतं आणि त्या अंतरात अनुस्वार वाचतो.

गिंपमध्ये Colors मध्ये Components, तिथे Extract Component, आणि RGB Red. मग Levels मध्ये पांढरा बाण कागदाच्या किंचित खाली आणि काळा बाण शाईच्या किंचित खाली. कमांडवर काम करणाऱ्यांसाठी ImageMagick या प्रोग्रामने एका ओळीत,

```
magick dakhla.png -channel R -separate +channel -level 45%,80% lal.png
```

४५ टक्के म्हणजे साधारण ११५ आणि ८० टक्के म्हणजे २०४. कागद २१४ होता तो पांढरा झाला, शाई जवळजवळ काळी. तुमचे आकडे वेगळे येतील, आधी मोजा मग टक्के टाका.

गोंयकार

चिन्मय, आताच करून बघितलं. लालमध्ये माझं पान कोरं झालं! अर्धी ओळसुद्धा नाही.

चिन्मय_क

कारण तुमची शाई तपकिरी आहे, तपकिरीत लाल भरपूर असतो, कागदातही भरपूर, दोघं एकत्र विरघळले. तुम्ही उलट निळा चॅनल घ्या, `-channel B`. कागद काळपट दिसेल पण शाई त्याहून काळी असते. तिथे अंतर कमीच मिळतं, माझ्याकडे असा कागद नाही म्हणून किती ते सांगता येणार नाही, मोजून कळवा.

गोंयकार

निळ्यात दिसलं. कागद खूपच डागाळलेला येतो, बुरशीचे ठिपके तर अक्षराएवढे काळे. पण तारीख वाचता आली, तीन वर्षं अडकलो होतो तिथे. देव बरें करूं.

कागदवाला

चिन्मयभाऊ, हे मला नवीन आहे, उद्या दुकानात करून बघतो. पण एक शंका विचारतो, मनावर घेऊ नका. झेरॉक्स म्हणजे जसं आहे तसं. कॉम्प्युटरवर नेऊन चॅनल काढून काळं करून आणलेला कागद साक्षांकित करायला दिला तर सही करणारा म्हणेल हे तुम्ही बनवलंय. माझ्याकडे एका गिऱ्हाईकाचा कागद याच कारणाने परत आला होता, त्याने घरी मोबाइलच्या अॅपने साफ केला होता.

चिन्मय_क

चॅनल काढल्याने एकही रेघ नवीन येत नाही दादा, मशीनचं बॅकग्राउंड बटणही तेच करतं, फक्त आंधळेपणाने. तुमच्या मशीनने 'पाडुरग' केलं ते चालतं आणि मी 'पांडुरंग' परत आणलं ते बनवलेलं?

कागदवाला

तुमचं म्हणणं मला पटतंय. टेबलापलीकडच्या माणसाला पटेल का, एवढंच विचारतोय.

अण्णा_सोलापूर

माझंही तेच म्हणणं. मूळ दाखला हातात घेऊन जा, साधी झेरॉक्स जोडा, वाचता नाही आली तर मूळ दाखवा. इतका घोळ कशाला.

स्वाती_पुणे

अण्णा, मूळ तिथे दाखवता येतो पण फाइलमध्ये प्रत राहते, आणि पुढे फाइल उघडणारा प्रतच वाचतो. माझ्या भावाच्या वेळी प्रतीतला ३ त्यांना ८ वाटला होता, पाच महिने गेले.

त्यावरून आठवलं, स्कॅन करताना कॉम्पॅक्ट पीडीएफ किंवा हाय कॉम्प्रेशन असा पर्याय असेल तर घेऊ नका. २०१३ मध्ये जर्मनीतल्या एका संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं होतं की काही ऑफिस मशीन स्कॅन दाबून लहान करताना सारखे दिसणारे आकडे एकमेकांच्या जागी टाकत होत्या, ६ च्या जागी ८ येत होता, आणि पान दिसायला एकदम स्वच्छ. फिक्कं अक्षर असेल तर साधा टिफ किंवा पीएनजी, फाइल मोठी होऊ दे.

बाळासाहेब_७१

लॅमिनेशनचं मला ठाऊक नव्हतं. आमचे सात कागद तसे आहेत. चकाकी येते ती कमी करायला काही उपाय आहे का?

निशिगंध

काका, ते आता आहेत तसेच राहू द्या, सोडवू नका. फ्लॅटबेडवर चकाकी आली तर कागद फिरवून तीन-चार बाजूंनी स्कॅन करा, डाग प्रत्येक वेळी वेगळ्या जागी पडतो. नाहीतर ढगाळ दिवशी खिडकीच्या बाजूच्या उजेडात, फ्लॅश बंद करून कॅमेऱ्याने फोटो काढा.

मृद्गंध

सगळ्यांना आधी मनापासून धन्यवाद. आज सुट्टी होती, सकाळपासून हेच केलं, सविस्तर लिहिते म्हणजे दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल.

दाखला तीन दिवस पुस्तकांखाली ठेवला होता. मग दुकानात जाऊन काळा कार्डशीट मागे, कागद आडवा फिरवून, Text/Photo, ऑटो बंद. अकरा प्रती काढल्या, सगळ्यांवर पेन्सिलीने आकडे. डार्क दोन आणि बॅकग्राउंड दोन या प्रतीत दोन्ही अनुस्वार आहेत. बॅकग्राउंड तीनला पहिला गेला, चारला दुसरा. घडीवरचं आजीचं नाव वाचता येतं, पट्टा आहे पण करडा. मागच्या सूचनांची भुतं जवळजवळ गेली.

मग पेनड्राइव्हवर ६०० ला कलर स्कॅन घेतला आणि घरी भाच्याने चिन्मयची ओळ चालवली. अक्षर असं उठलं की आई म्हणाली हे तर गुरुजींचं अक्षर, ओळखलंच तिने. वडिलांनी तोंडाने सांगितलेली जन्मखूण सुद्धा वाचता आली, ती मूळ कागदावर मला दिसतच नव्हती.

पण एक गोष्ट घडली ती सांगायलाच हवी. दाखल्यात जन्मतारखेखाली एक दुरुस्ती आहे, आधीचा महिना खोडून नवीन लिहिलाय, आणि बाजूला हेडमास्तरांची लाल शाईत सही. लाल चॅनलमध्ये ती सही गेली. पूर्ण गेली, ठसासुद्धा नाही. म्हणजे त्या प्रतीत नुसती खाडाखोड दिसते आणि सही नाही! ती जोडली असती तर काय झालं असतं या विचाराने हात गार पडले.

चिन्मय_क

अरे हो, हे मी आधीच सांगायला हवं होतं, माफ करा. लाल शाई लालमध्ये कागदाइतकीच उजळ असते. सही हिरव्या चॅनलमध्ये बघा, `-channel G`, तिथे ती गडद येईल. निळी शाई हिरव्यातही बरी दिसते, लालइतकी नाही. दोन्हीसाठी एकच प्रत हवी असेल तर हिरवा घ्या.

मृद्गंध

हिरव्यात सही आली, आद्याक्षरं आणि खालची रेघ दोन्ही. आता अक्षर लालपेक्षा थोडं फिक्कं आहे पण अनुस्वार आहेत. आकडेही मोजले, कागद १८६, शाई १३४, सही ८८.

कागदवाला

ताई, मग जोडताना माझं ऐका, तिन्ही जोडा. वर साधी रंगीत प्रत, तिला काहीच केलेलं नाही. खाली मशीनवरची डार्क दोन बॅकग्राउंड दोन. तिसरी ही हिरवी, आणि तिच्यावर लिहा 'वाचनासाठी'. सही करणाऱ्यासमोर मूळ दाखला ठेवायचा आणि बोट ठेवून तिन्हीत तीच तारीख दाखवायची. मी रात्री दुकानात एका जुन्या फेरफारावर लाल चॅनल करून बघितला, क्षेत्राचा आकडा एकर-गुंठ्यांत स्पष्ट आला. पण शेरा लाल शाईत होता, तो गेला. तुमचं वाचलं नसतं तर मला कळलंच नसतं.

स्वाती_पुणे

पडताळणीचा अनुभव असलेलं कुणी आहे का इथे? 'वाचनासाठी' म्हणून जोडलेली प्रत फाइलमध्ये घेतात का, की काढून टाकायला सांगतात?

अण्णा_सोलापूर

आमच्याकडे घेतली नव्हती, पण ते खरेदीखत होतं.

मृद्गंध

गुरुवारी तारीख आहे. तिन्ही नेतेय, आल्यावर इथेच लिहिते.